प्रश्न टाका आणि थांबा

बसवकल्याण, भालकी, आळंद भागांतून मंठाळला आलेल्या मित्रहो,

आपण मला अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. सीमाभागातल्या मराठी लेखनाचा आढावा मी लिहून आणला आहे आणि त्याची छापील प्रत तुमच्या हातात आहे. ती घरी वाचा. इथं मला एकच बोलायचं आहे आणि ते बरीच वर्षं पोटात आहे.

आपल्या वक्तृत्व स्पर्धांनी मुलांना थांबायचं विसरायला लावलं. मुलगा प्रश्न विचारतो आणि श्वास न घेता स्वतःच उत्तर देऊन टाकतो. का? थांबला तर परीक्षक लिहितात, ‘पाठांतर कच्चे’. अशी एक गुणपत्रिका मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर सात मिनिटांची घंटा. हीच मुलं मोठी होऊन सूत्रसंचालन करतात आणि सभा चुळबुळली की ‘कृपया शांतता राखा’ म्हणून माइकवर ओरडतात. पत्र्याच्या मंडपात तो आवाज घुमतो, मग शेजारच्याशी बोलणारा आणखी मोठ्यानं बोलतो.

आपल्या मंडळींत वाद आहे की गडबडलेल्या सभेला प्रश्न विचारावा की नाही. विरोधक म्हणतात, प्रश्न विचारला की लोक ओरडून उत्तरं देतात. खरं आहे, पण ‘हो-नाही’चा प्रश्न विचारला तर! गाडगेबाबा तसेच विचारत, कारण त्यांना लोकांचा आवाजच हवा असे. 1956 सालचं त्यांचं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ऐका, म्हणजे कळेल की तिथं समुदाय उत्तर देऊन कीर्तनात सामील होतो. मी सांगतोय ते हत्यार वेगळं आहे. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाजवळ असावं, पण चारचौघांत कुणी देऊ नये.

भालकीकडच्या एका गावात मला शेतकऱ्याच्या घरातल्या हिशेबावर बोलायचं होतं. तुरीचा हंगाम नुकताच संपलेला. पुढं सतरंजीवर बाया, मागं उभे पुरुष, आणि कडेच्या चहाच्या टेबलापाशी खरा गोंगाट. आधीच्या वक्त्याला कुणी ऐकलं नव्हतं. मी नमस्कार केला आणि विचारलं, “तुरीच्या पट्टीवरचा आकडा घरी बायकोला खरा कोणी सांगितला?” मग तेच कानडीत विचारलं, कारण एकाच भाषेत विचारलं तर आपल्याकडे अर्धी सभा गप्प होते आणि उरलेली अर्धी “काय म्हणाला?” म्हणून विचारत बसते.

आणि थांबलो. आधी हशा आला. नवखा वक्ता इथंच फसतो, हशावर स्वार होऊन बोलायला लागतो. हसू ओसरू द्यायचं. मग पुढच्या बाया मागं वळून आपापल्या माणसाला शोधू लागल्या, मागचे पुरुष खाली बघू लागले. शांतता पुढून मागं सरकत गेली आणि शेवटी चहाच्या टेबलापर्यंत पोचली. तोवर मी पाय हलवला नाही, कागद चाळला नाही, पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. नजर मात्र त्या टेबलावर, कारण पुढचे लोक गप्प झाले म्हणजे सभा गप्प झाली असं नसतं.

किती थांबायचं? हशा विरल्यावर चार-पाच सेकंद. उभ्या माणसाला ते फार वाटतात. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. म्हणजे घाई आपलीच नव्हे. पण घड्याळापेक्षा कान बरा. पहिला खोकला किंवा खुर्चीची करकर ऐकू आली की शांतता पिकली. त्यानंतर रेंगाळलात तर कुजबुज परत येते. पहिलं वाक्य आधीपेक्षा खालच्या पट्टीत घ्या. भोंगेवाल्याला आवाज वाढवू नको असं आधीच सांगून ठेवा.

मागून एखादा टारगट उत्तर फेकतोच. त्याच्यावर डोळे वटारू नका. “एक प्रामाणिक निघाला” म्हणा आणि पुन्हा थांबा. एका भाषणात हे एकदाच चालतं, दुसऱ्यांदा लोकांना युक्ती कळते. पत्र्यावर पाऊस पडत असेल किंवा जेवणाचा वास आला असेल तर करूच नका. आणि लोक संयोजकांवर चिडलेले असतील, दोन तास उन्हात बसवलेले असतील, तर तुमची शांतता तेच भरून काढतात, आणि ते ऐकवत नाही!

आपल्या या बसवकल्याणच्या परिसरात अनुभवमंटपाचं नाव अभिमानानं घेतलं जातं. तिथं प्रश्नोत्तरं होत असं आपण सांगतो आणि पोरांना घंटेवर पळवतो.

म्हणून दोन कामं. शिक्षकांचं एक शिबिर इथंच घ्यावं. कोणी, केव्हा, ते बसून ठरवू. आणि स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ‘विराम’ असा रकाना घालावा. पाच गुण की दहा, मला दोन्ही चालतील. ठराव कार्यवाहांनी भोजनाआधी मांडावा, कारण भोजनानंतर या मंडपात मीसुद्धा सापडणार नाही.