भाकरीचा हिशेब

आमच्या गटात साखरेचा त्रास असलेल्या काही जणी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये रोजचं जेवण लिहितात. तिथे 'ज्वारीची भाकरी' शोधली, की एकीच्या चार-पाच भाकऱ्या दिसतात. एकीत ७० कॅलरी, दुसरीत १७०. अशा अ‍ॅपमध्ये वापरणारेही नोंदी भरतात, त्यातून हा गोंधळ.

आम्ही पीठच तोललं. एका भाकरीला ५० ग्रॅम लागलं. भाजलेली भाकरी तोलू नका, त्यात पाण्याचं वजन येतं.

१०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि २ ग्रॅम चरबी असते. भाकरीत त्याच्या निम्मं: ५, ३४ आणि १. पहिल्या दोन्हींना चारने गुणायचं, चरबीला नऊने. २०, १३६ आणि ९ मिळून १६५. म्हणजे १७० ची नोंद आपल्या भाकरीच्या जवळची. ७० वालीत कर्बोदकं फक्त १४ ग्रॅम, आणि भाकरी केवढी ते लिहिलेलंच नाही! तिच्यावर साखरेचा हिशेब कसा बसेल?

मग आम्ही 'घरची भाकरी, ५० ग्रॅम पीठ' अशी स्वतःची नोंद केली. चुकीची कळवायची सोय असेल तर कळवा. रोज मात्र स्वतःचीच नोंद निवडा. पिठाचा गोळा मोठा झाला, तर आकडाही बदला.