निकालाचे पेढे आणि आभाराचे चार शब्द

दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "किती टक्के?" म्हणूनच घरी छोटा समारंभ करायचा असेल, तर निमंत्रणात टक्के लिहू नयेत. मुलीच्या अभ्यासाला ज्यांचा हात लागला, त्यांना आपण बोलावतो आहोत, एवढंच त्यातून कळावं.

माझ्या शेजारच्या कुटुंबानं फोनवर पाठवलेलं निमंत्रण असं होतं : "आमची मुलगी दहावी पास झाली. तिला आशीर्वाद द्यायला रविवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात घरी चहा-पोह्यांना यावं. कृपया आहेर आणू नये." 'पाच ते सात' लिहिल्यामुळे दोन खोल्यांच्या घरात पाहुणे थोडे थोडे आले, आणि जेवणाची अपेक्षाही उरली नाही.

निमंत्रण पाठवण्याआधी मुलीच्या आईनं आणखी एक काम केलं. त्याच इमारतीतल्या एका मुलाचा गणित विषय राहिला होता. ती पेढे न घेता त्याच्या घरी गेली, पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला का, हे विचारलं आणि मुलीच्या गणिताच्या वह्या देऊन आली. निमंत्रण त्यांनाही दिलं, पण याच असा आग्रह धरला नाही. अशा घरी आधी पेढा आणि मग चौकशी झाली, तर तो पेढा बोचतो.

पंचवीस माणसांसाठी दोन किलो पोहे आणि एक किलो पेढे पुरले. सगळे पोहे एकदम करून ठेवले तर कोरडे पडतात. त्यामुळे कांदा-बटाटा आधी चिरून ठेवला आणि पोहे दोनदा ताजे परतले.

पहिला पेढा देवापुढे ठेवला. मग मुलीला पाटावर बसवून औक्षण झालं. निरांजन पहिल्यांदा आजीच्या हाती दिलं. आजोबा गेल्यापासून आजी अशा वेळी मागे उभी राहायची. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून नातीला चहा करून देणारी तीच होती, तेव्हा पहिला मान तिचाच.

नंतर वडील बोलले : "सरांनी शाळा सुटल्यावर थांबून भूमिती शिकवली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री अभ्यासाला खोली दिली. आजीनं तिला रोज उठवलं. तुम्हा सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत."

आभार मानायचे ते असे. कुणी काय केलं ते नेमकं सांगावं, म्हणजे त्या माणसाला आपली मदत लक्षात राहिली हे कळतं. पुढे विज्ञान घेणार की वाणिज्य, हे वडिलांनी तिथं जाहीर केलं नाही. ते सांगायचं तेव्हा मुलगीच सांगेल.