परवानगी कशाची घेतली?



 

जयपूरच्या या मराठी मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘मराठी नियतकालिकांतील माहितीपर लेखन : एक आढावा’ असा छापला आहे. आढाव्याची टिपणे मी कार्यवाहांकडे दिली आहेत, ती ते पुस्तिकेत घेतील. मला आज दुसरेच बोलायचे आहे. आपले माहितीपर लेख बहुतेक वेळा एखाद्या जाणकाराशी झालेल्या बोलण्यावर उभे असतात. ते बोलणे आपण कसे घेतो, टिपतो आणि पुढे त्याचे काय करतो, याबद्दल कित्येक वर्षे मनात साठलेले आहे.

कालच्या परिसंवादात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की प्रश्न आधी पाठवले की जाणकार पाठ करून येतो आणि मुलाखत मरते. दुसऱ्याचे म्हणणे असे की न पाठवता जाणे म्हणजे त्याच्या वेळेचा अपमान. याचा निकाल मी इथल्याच जंतरमंतरवर लावून टाकला आहे, तो सांगतो.

सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या सम्राट यंत्रावर मला लेख लिहायचा होता. हे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ. त्याच्या तिरक्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या कमानीवर सरकते आणि वेळ दाखवते. यंत्रांवर आयुष्य घालवलेले एक वृद्ध पंडितजी बोलायला तयार झाले. मी त्यांना प्रश्न पाठवले नाहीत, विषय पाठवले : कमानीवरच्या खुणा, सावलीची कड, घड्याळातला फरक आणि दुरुस्त्या. पंडितजींना काय आणायचे, कोणता कागद शोधायचा हे त्यावरून कळले. मी मात्र नेमके वाक्य कोणते विचारणार, हे त्यांना माहीत नव्हते.

‘हे यंत्र किती अचूक आहे?’ असा प्रश्न मी वहीत लिहून खोडला होता. त्याचे उत्तर प्रत्येक वाटाड्या देतो, ‘दोन सेकंद’. खुणा खरोखरच तितक्या बारीक आहेत. पण घरी मी साधे गणित करून गेलो होतो. कमानीची त्रिज्या सुमारे १५ मीटर, म्हणजे सावली सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर सरकते. सूर्य मात्र आकाशात बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे भिंतीच्या सावलीची कड तिथे सुमारे १४ सेंटिमीटर रुंदीची धूसर पट्टी होते. सूर्याला आपल्या रुंदीइतके सरकायला दोन मिनिटांहून थोडे अधिक लागतात, तेवढीच ही पट्टी. मग दोन सेकंदांची खूण वाचायची कशी? म्हणून माझा प्रश्न असा होता : “पंडितजी, सावली नेमकी कुठे संपते, ते बोट ठेवून दाखवाल का?”

ते उठले. एक बारीक काडी त्यांनी कमानीच्या पृष्ठभागाजवळ धरली, धूसर पट्टीत तिची सावली कुठे उमटते आणि कुठे विरते ते पुढेमागे करून दाखवले आणि मग खुणेवर बोट ठेवले. अचूकता यंत्राइतकीच त्या हातात आहे, हे कळले आणि लेखाचा पाया मिळाला. दुसरा प्रश्न घड्याळाचा. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला आहे, त्यामुळे सावली मनगटी घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे. त्यात सूर्याच्या वार्षिक चढउताराची भर पडते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात फरक ४१ मिनिटांपर्यंत जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दहा-अकरा मिनिटांवर येतो. मी विचारले, “लोक येऊन ‘घड्याळ चुकते’ म्हणतात, तेव्हा तुम्ही काय सांगता?” या प्रश्नाने त्यांच्या तोंडून जी माणसे बाहेर पडली, ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

तेव्हा माझे मत असे : विषय आधी पाठवा, प्रश्न पाठवू नका. पुस्तकात मिळणारी माहिती आपण घरी वाचून जायची आणि जाणकारासमोर न्यायची ती फक्त आपली अडचण. ‘दाखवाल का’, ‘कसे ओळखता’, ‘केव्हा चुकते’ हे तीन प्रकार वहीत सर्वांत वर लिहा. ‘कसे वाटते’ हा प्रकार लिहूच नका.

वही की रेकॉर्डर, या वादात मी फार वेळ घालवणार नाही. दोन्ही हवेत. आकडा, स्पेलिंग, हाताची हालचाल वहीत आणि बोलण्याचा ओघ रेकॉर्डरवर. तासभराचे बोलणे उतरवायला चार-पाच तास लागतात, हे माहीत असलेला माणूस फुकटचे प्रश्न विचारत नाही.

आता माझे खरे गाऱ्हाणे. आपण दारात चप्पल काढताना विचारतो, “चालू करू ना?” समोरचा मान हलवतो आणि आपण समजतो की परवानगी मिळाली. कशाची मिळाली?

या शहराशी जोडलेली एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घरातल्या मनरंग परंपरेच्या सुमारे तीनशे चिजा त्यांच्या मुलांकडून, आशक अली आणि अहमद अली यांच्याकडून मिळवल्या आणि फोनोग्राफवर घेतल्या. वडिलांना हे नंतर कळले, ते फार दुखावले आणि शेवटी भातखंड्यांच्या विद्याप्रेमाने राजी झाले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात येते. आपल्यातले काही जण ही गोष्ट कौतुकाने सांगतात, की बघा, विद्या वाचली. विद्या वाचली हे खरेच, भातखंड्यांचे ऋण मी मोठे मानतो. पण मला दिसते ते वेगळे. गाणारे राजी होते, तरी ज्यांच्या घराची विद्या होती त्यांना विचारले गेले नव्हते, आणि ते दुखावले यात काही नवल नव्हते. त्यांचा होकार मिळाला तेव्हाच ते काम पुरे झाले. आपण मात्र गोष्टीतला फोनोग्राफ तेवढा उचलला आणि खाँसाहेबांचा राग सोडून दिला.

माझ्या बाबतीत याच शहरात असेच घडले. निळी भांडी करणाऱ्या एका कारागिराशी मी बोललो. या भांड्यांत माती जवळजवळ नसतेच. गारेची भुकटी, काचेची भुकटी, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा, वर झिलई आणि एकदाच भट्टी. झिलईचे प्रमाण हे प्रत्येक घराचे गुपित असते. मला नीट समजावे म्हणून त्यांनी ते सांगितले आणि म्हणाले, “हे तुमच्यासाठी, छापण्यासाठी नाही.” हे बोलणे ध्वनिमुद्रणात आले होते. एका मासिकाने तपासणीसाठी मुद्रण मागितले, तेव्हा ‘केवळ तपासणीसाठी, पुढे देऊ नये’ असे पाकिटावर लिहून मी ते दिले. काही महिन्यांनी त्याच आवाजाचा तुकडा, प्रमाणासकट, त्यांच्या श्राव्य कार्यक्रमात वाजला. कारागिराने मला दाराबाहेर उभे केले. संपादकांचे उत्तर होते, “अहो, त्यांनी रेकॉर्डिंगला परवानगी दिली होती ना!”

ही त्यांच्या मनातली समजूत आपल्यातल्या अनेकांच्या मनात आहे, म्हणून मी इथे लढायला उभा आहे. मुद्रणाची परवानगी एक नसते, तीन असतात. माझ्या टिपणांसाठी मुद्रण करू का, ही पहिली. तुमचे शब्द तुमच्या नावाने छापू का, ही दुसरी. तुमचा आवाज कुठे ऐकवू का किंवा कुणाला देऊ का, ही तिसरी. पहिल्याला ‘हो’ म्हणणारा माणूस तिसऱ्याला सहज ‘नाही’ म्हणू शकतो, आणि पहिली मागताना तिसरी गृहीत धरायची नसते.

मी असे करतो. यंत्र बंद असताना हे तिन्ही प्रश्न हिंदीत, सावकाश विचारतो. लेख कुठे येणार, साधारण कधी येणार, तेही सांगतो. मग यंत्र चालू करून तारीख, ठिकाण आणि विषय बोलतो आणि तीच तिन्ही उत्तरे त्यांच्याच तोंडून पुन्हा घेतो. यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर राहते आणि ‘बंद करा’ म्हटले की लगेच बंद होते. बंद असताना सर्वांत चांगली गोष्ट निघते, हा सर्वांचा अनुभव. ती हवी असेल तर सरळ विचारावे, “हे पुन्हा चालू करून सांगाल?” नाही म्हणाले तर ती गोष्ट आपली नाही. मध्येच मुलगा किंवा शिकाऊ येऊन बोलू लागला, तर त्यालाही विचारायचे. फोनवर बोलत असलो तर पहिल्याच वाक्यात सांगायचे.

मुलाखत हिंदीत आणि लेख मराठीत, असे इथल्या आपणा सर्वांचे असते. म्हणून त्यांच्या नावाने येणारी वाक्ये आणि सर्व आकडे छापण्यापूर्वी मी त्यांना फोनवर हिंदीत वाचून दाखवतो. पूर्ण लेख मात्र दाखवत नाही, माझी मते ही माझी जबाबदारी आहे. एखादे वाक्य त्यांनी मागे घेतले तर मी कारण विचारतो, पण ते काढतो. सम्राट यंत्राच्या लेखात पंडितजींनी दुरुस्त्यांबद्दलचे एक वाक्य मागे घेतले. ते वाक्य गेले, लेखाचे काही बिघडले नाही, आणि पुढे तेच पंडितजी मला दुसऱ्या यंत्रांवर बोलले.

‘इतके विचारले की माणूस घाबरतो’ असा आक्षेप काल आला. मी उलटे पाहिले आहे. आवाज कुठे जाणार हे ज्याला कळले तो मोकळा बोलतो, ज्याला कळले नाही तो प्रत्येक वाक्य अर्धे गिळतो. मुद्रण ऐकताना हे ओळखता येते : उत्तरे आखूड, ‘वगैरे’ भरपूर आणि यंत्र बंद होताच बोलणे लांब.

कायद्याचेही सांगतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही मोकळी, नेमक्या कारणासाठी, समजून दिलेली असावी आणि मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे आहे. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला असलेली सूट या कायद्यात दिसत नाही. आपल्या मुद्रणांना तो कसा लागू होतो, हे वकिलांनी सांगावे. मला कायद्याच्या भीतीपेक्षा त्या कारागिराचे बंद दार जास्त टोचते.

पुढचे काम थोडक्यात. तीन प्रश्नांचे एक पान मराठीत आणि हिंदीत करावे, संपादकांनी लेखासोबत ते मागावे आणि मुद्रण कार्यालयात ठेवायचे असेल तर किती दिवस, हे त्यावर लिहावे. आपापल्या कपाटांतल्या जुन्या फितींचेही काही करावे लागेल. त्यांतल्या कित्येकांवर बोलणाऱ्याचे नाव आहे, त्याने काय कबूल केले ते नाही. याची समिती आज ठरवावी, मसुदा मी लिहून आणतो. दुपारच्या सत्रात संपादक मंडळी बसणार आहेत, तेव्हा या तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी आपले म्हणणे मांडावे, मी पुढच्या रांगेत बसून ऐकणार आहे.