स्पीकर मध्येच का तुटायचा?

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नववीला आहे. मामाने नवा ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि जुना तिला दिला. बटण दाबलं तरी ढिम्म. तिने चार्जिंगची खाच बघितली, तर आत धूळ आणि कापूस. स्पीकर बंदच होता. लाकडी काडीने तिने तो कचरा हलकेच काढला, चार्जर लावला आणि दिवा लागला!

पण आनंद टिकला नाही. गाणं लावलं की मध्येच फोनशी जोडणी तुटायची, मग स्पीकर पुन्हा आपोआप सुरू व्हायचा. तिला वाटलं, मामाचाच फोन ओढून घेत असणार. पण मामा राहतो दुसऱ्या गावी, आणि अशा स्पीकरची पोच साधारण दहा मीटर. तरी तिने जुनी जोडणी पुसून नवी केली. फरक शून्य.

आम्ही तिला म्हटलं, नेमका कधी तुटतो ते वहीत लिही. दोन दिवसांत उत्तर वहीतच आलं. आवाज बारीक असला की तासभर सुरळीत. आवाज मोठा केला, की ढोलकीच्या थापेला तुटतो. आणि चार्जर लावलेला असला, की मोठ्या आवाजातही तुटत नाही.

ती वही घेऊन आम्ही गावातल्या वायरमन दादांकडे गेलो. त्यांनी स्पीकर उघडून बॅटरीला मीटर लावला. गाणं बंद असताना ३.९ व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. मोठ्या आवाजात थाप पडली की काटा ३ च्या खाली. दादा म्हणाले, "टाकी भरलीय, पण पाइपात क्षार साठलाय. एक नळ सोडला तर पाणी येतं, सगळे सोडले की धार बसते." बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला अडथळा वाढतो. मोठ्या थापेला एकदम जास्त वीज लागते, ती पुरवताना व्होल्ट घसरतात, आणि ब्लूटूथचा भाग क्षणभर बंद पडतो. जोडणी तुटते ती त्यामुळे.

मात्र आवाज बारीक असताना, फोन शेजारी ठेवूनही तुटत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो.

दादांनी तेवढ्याच व्होल्टची, पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी बसवली. उघड्या बॅटरीला थेट डाग देऊ नये, ती तापून पेट घेऊ शकते. फुगलेली दिसली तर स्पीकर उघडायचाच नाही, चार्जिंगलाही लावायचा नाही.

जुन्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना पोरीने चिकटपट्टी लावली आणि ती दादांकडेच ठेवली. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकली नाही. स्पीकरच्या बुडाला तिने मार्करने नव्या बॅटरीची तारीख लिहून ठेवली आहे.