रुसवा कोणी काढायचा?

मराठी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

ना. घ. देशपांड्यांच्या मेहकरात मला या खुर्चीत बसवलंत, आभारी आहे. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या कोशापासून आजवरच्या मराठी-इंग्रजी कोशांचा आढावा घ्या, असं तुमच्या पत्रात होतं. टिपणं खिशात आहेत, ती तिथेच राहू द्या. सकाळच्या परिसंवादात वक्त्यांनी एकामागून एक सांगितलं, की रुसवा, माहेर, साडू, विहीण यांना इंग्रजीत शब्दच नाही, आणि दर वेळी टाळ्या पडल्या. या टाळ्यांशी माझं जुनं भांडण आहे. टाळ्या आपल्याला मिळतात, शिकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

बदलीवर आलेल्या लोकांना मी वर्षानुवर्षं संध्याकाळी मराठी शिकवलं. त्यात एक तमिळ बँक अधिकारी होते. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत 'रुसणे'पुढे 'टू बी अँग्री' एवढंच छापलेलं. कर्जाचा हप्ता थकवलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी करड्या आवाजात सुनावलं, "मी तुमच्यावर रुसलो आहे!" म्हातारा आधी बघतच राहिला, मग हसला. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या घाट्यांची पेंढी घेऊन हजर. "सायेब, तुमी रुसले म्हन्ता, मंग रुसवा काढा लागते ना!" हप्ता मात्र आणला नव्हता.

साहेब माझ्याकडे चिडून आले. मी म्हटलं, म्हातारा बरोबर वागला, पुस्तिका चुकली. राग 'मला येतो', आमच्या वऱ्हाडीत 'मले येते'. गहिवर येतो, कंटाळा येतो. ते बाहेरून येऊन माणसाला धरतात. रुसणं येत नाही, ते माणूस करतो: 'ती रुसली'. जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसते, आणि हे सगळं कोणाला तरी दिसावं म्हणून. राग उतरतो, रुसवा दुसऱ्याने काढावा लागतो. म्हणून तो हक्काच्या माणसावरच चालतो. इंग्रजीत 'सल्क' आहे, नाही असं नाही. पण त्यात खोट सल्क करणाऱ्याची. आपल्याकडे लग्नात जावई रुसला आणि कोणी समजूत काढायला गेलं नाही, तर नाव वधूपक्षाला ठेवतात. पाऊससुद्धा आपल्यावर रुसतो, मग आपण धोंडी काढून त्याची मनधरणी करतो. ऊन रुसल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा शिकणाऱ्याला अर्थ सांगू नका, दोन प्रश्न विचारायला लावा: कोण कोणावर, आणि पुढे कोणी काय करायचं? बँकेने गिऱ्हाइकावर रुसून चालत नाही, हे साहेबांना त्या दोन प्रश्नांनी कळलं.

नात्याच्या शब्दांचंही तेच. वक्ते म्हणाले, सासऱ्याला 'मामा' का म्हणायचं, हे परक्याला पटवता येत नाही. मी साहेबांना फळ्यावर एक घर काढून दाखवलं. मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलं, की मामा सासरा झाला. त्याच लग्नात मुलीची आत्या सासू झाली. म्हणून जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणते. असं लग्न प्रत्यक्षात झालेलं नसलं तरी हाक तीच राहते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब हसले. त्यांच्याकडे आईचा भाऊ मामा आणि सासराही मामा. वडिलांची बहीण अत्तै, आणि सासूलाही हाक अत्तै! इरावती कर्व्यांनी १९५३च्या ग्रंथात भारतभरची नातेव्यवस्था मांडली, तरी आम्ही अजून लंडनच्या खिडकीतून मामाकडे बघतो. तमिळ माणसाला जे क्षणात कळलं, ते 'अनुवाद अशक्य' कसं? इंग्रजीतून मराठी शिकणाऱ्यालाही फळ्यावर तेच घर काढून द्या. 'अंकल'ने जे झाकलं जातं, ते चार रेघांत दिसतं.

प्रतिशब्द द्यावा की व्याख्या, हा सकाळचा वाद त्यामुळे मला पोकळ वाटला. दोन्हींत माणसं नाहीत.

एक काम सुचवतो. चिखली, मोताळा, जळगाव जामोद, जो जिथे असेल त्याने आपल्या गावात कोण कोणाला काय हाक मारतं, ते वहीत उतरवावं. समाजागणिक हाका बदलतात, तेही टिपावं. वह्या कुठे जमवायच्या, ते जेवणानंतर बोलू. घाई करा, एवढं खरं. माझा जावई मला 'पप्पा' म्हणतो. गेल्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आला, ताटात अनरसे कमी पडले, तरी बिचारा हसतमुखाने उठला. मी समजूत काढायला दारापर्यंत गेलो होतो.