मोबाइलवरचा मेसेज आणि घरची वही



आज आपण बँकेच्या मेसेजबद्दल बोलू. खात्यात पैसे आले की मोबाइल वाजतो. पैसे गेले तरी वाजतो. आपण मेसेज पाहतो आणि फोन खिशात ठेवतो. पुढे फोन भरतो, मुलगा जुने मेसेज पुसून टाकतो, किंवा फोनच पाण्यात पडतो. मग दोन महिन्यांमागे काय झाले ते सांगायला काही उरत नाही. म्हणून आम्ही सांगतो, एक वही करा. शंभर पानी वही पुरे.

मेसेज पुष्कळदा इंग्रजीत असतो. भिऊ नका. त्यात दोन शब्द ओळखायचे. Credited असे असले तर पैसे जमा झाले. Debited असे असले तर पैसे वजा झाले. एक C ने सुरू होतो, दुसरा D ने. रकमेच्या पुढेमागे Rs असते. शेवटी Bal असे असले तर त्यापुढचा आकडा म्हणजे शिल्लक. वहीत एवढेच लिहायचे: तारीख, वेळ, जमा की वजा, किती, कशाचे, आणि शिल्लक. ‘कशाचे’ हे मेसेजमध्ये नीट नसते. ते आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून त्याच दिवशी लिहावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंच्या खात्यात ३,७७५ रुपये आहेत. २६ मे रोजी दुधाचे २,३४० रुपये जमा झाले. शिल्लक ६,११५. दोन दिवसांनी, २८ मे रोजी, त्यांनी गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून १,००० रुपये काढले. शिल्लक ५,११५. मग ३१ मे रोजी दोन मेसेज आले. एक २० रुपयांचा, दुसरा ४३६ रुपयांचा. दोन्ही वजा. बाई घाबरल्या, “मी तर काहीच काढलं नाही!” पण वहीची मागची पाने उलटली, तर गेल्या वर्षीही मेअखेर हेच दोन आकडे होते. ते पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा यांचे वर्षाचे हप्ते होते. या दोन मेसेजमध्ये शिल्लक दिलेली नव्हती. तेव्हा ती आपणच काढायची. ५,११५ मधून ४५६ गेले, राहिले ४,६५९. बाईंनी हा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

आता दुसऱ्या तऱ्हेचा मेसेज. यात पैशांची ये-जा झालेली नसते. यात एक आकडा येतो, बहुधा सहा अंकी. त्याला ओटीपी म्हणतात. ही एका वेळची किल्ली आहे. ती काही मिनिटेच चालते आणि एकदा वापरली की मोडते.

या मेसेजचीही वहीत नोंद करावी. पण किल्लीचा आकडा लिहू नये. नोंद अशी असावी: ‘१ जून, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. ओटीपी आला. ४,००० रुपयांच्या खरेदीसाठी. आम्ही मागितला नव्हता.’ बस्स. कुणी म्हणेल, मेलेली किल्ली लिहिली तर काय बिघडले? तसे बिघडत नाही. पण हात एकदा आकडा लिहायला सवकला की जिवंत असतानाही लिहितो, आणि वही ओट्यावर उघडी राहते. शिवाय त्याच पानावर उद्या एटीएमचा पिनही जाऊन बसतो. तो पिन काही मिनिटांत मरत नाही, बरं का!

न मागता आलेला ओटीपी ही स्वतःच एक बातमी आहे. कधी कुणाचा नंबर टाइप करताना एखादा अंक चुकतो आणि मेसेज आपल्याकडे येतो. पण एकामागून एक दोन-तीन आले, तर समजावे की कुणाजवळ आपल्या कार्डाचा नंबर गेला आहे आणि तो दार ढकलतो आहे. लगेच फोन येतो, “बँकेतून बोलतोय, आकडा सांगा.” बोलणे तोडावे, बँकेला कळवून कार्ड बंद करावे. पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरावर तक्रार करावी. तेथे वेळ विचारतात. ती वहीत असतेच.

मग कोणताच आकडा कोणालाच सांगू नये का? असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. गॅसच्या टाकीसाठीही आकडा येतो, आणि तो टाकी आणणाऱ्याला सांगावाच लागतो. मात्र टाकी दारात उतरल्यावर. म्हणून आकड्याच्या आधी मेसेजचे शब्द वाचावे. त्यात रुपये किंवा बँकेचे नाव असेल, तर तो आकडा गॅसवाल्याचा नव्हे.

तरुण मंडळी म्हणतात, “वही कशाला? मेसेज वाचून आपोआप हिशेब लिहिणारं ॲप आहे.” आहे खरे. पण ॲपला मेसेज वाचण्याची परवानगी दिली की त्याला सगळेच मेसेज दिसतात. दुधाचे दिसतात, तसे ओटीपीचेही दिसतात. अर्धे दार उघडे ठेवण्याची सोय त्यात नाही. म्हणून कुणी पाठवलेल्या फाइलवरून तर असले ॲप मुळीच घेऊ नये. तिच्या नावाच्या शेवटी .apk असते. ठग लोक अशाच फाइली सरकारी योजनेच्या नावाने पाठवतात. एकदा ती फोनमध्ये शिरली की किल्ल्या परस्पर तिकडे जातात. आपल्याला विचारतही नाहीत.

आता त्या बाईंच्या वहीकडे परत येऊ. ६ जून रोजी दुधाचे १,९८० रुपये जमा झाले. ४,६५९ आणि १,९८० मिळून ६,६३९ व्हायला हवेत. मेसेजमध्ये शिल्लक होती ५,६३९. हजार रुपये कमी! ओटीपी तर या पैशांसाठी आला नव्हता. पण अंगठ्याने पैसे काढताना ओटीपी लागतच नाही, हे ध्यानात ठेवा.

बाईंनी पासबुक भरून आणले. २८ मे रोजी १,००० रुपये दोनदा वजा होते, चार मिनिटांच्या अंतराने. मग त्यांना आठवले. बँक मित्र म्हणाला होता, “लिंक गेली, परत अंगठा लावा.” पैसे हातात एकदाच आले, आणि मेसेजही एकच आला. दुसरा आलाच नाही, म्हणून वहीत नोंद नव्हती. चूक पकडली ती शिल्लकेच्या रकान्याने.

असा व्यवहार अर्धवट राहिला आणि पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यावेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ साली घातला. बाईंचे पाच दिवस २ जूनलाच संपले होते. त्यांनी शाखेत अर्ज दिला. त्यात तारीख, दोन्ही वेळा, रक्कम आणि पासबुकातला व्यवहाराचा नंबर लिहिला. अर्जाच्या नकलेवर शिक्का घेतला आणि वहीत नवी ओळ लिहिली: ‘९ जून. १,००० बद्दल बँकेत अर्ज दिला. पैसे येणे बाकी.’