पंचवीस मीटर : परिपाठासाठी एक नाटुकले
(भाषणाचा मजकूर)



रस्ता-सुरक्षेची प्रतिज्ञा मुले खणखणीत आवाजात म्हणतात आणि त्याच दिवशी सायंकाळी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वडिलांची मोटारसायकल भरधाव काढतो. याचे कारण केवळ बेपर्वाई नव्हे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत मोजपट्टी आणि फक्की यांच्या साहाय्याने दहा मिनिटांत दूर करता येते. पुढील नाटुकले त्यासाठीच आहे.

धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारणतः एक सेकंद जातो. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात ती ११ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर सामान्य चालकाला गाडी थांबविण्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात, एकूण २३. वेग ताशी ६० असेल, तर हेच आकडे १७ आणि २८ होतात; एकूण ४५. गाडी, टायर आणि चालक यांप्रमाणे हे अंतर कमीअधिक होईल. परंतु दोन वेगांतील तफावत अशीच राहील.

मैदानावर ४५ मीटरची सरळ पट्टी आखावी. प्रारंभापासून ११, १७, २३, २५ आणि ४५ मीटरवर फक्कीच्या आडव्या रेघा माराव्यात. मैदान लहान असल्यास सर्व अंतरे निम्मी घ्यावीत व तसे आधी सांगावे. मोटारसायकल आणू नये. हँडल म्हणून एक काठी पुरे.

पात्रे : सूत्रधार, दत्ता (दहावीतील विद्यार्थी), त्याचे वडील, मित्र सुभाष, मंदा (पाचवीतील मुलगी, सायकलसह), शैला (मोजपट्टी घेतलेली).

प्रवेश पहिला

दत्ता : बाबा, किल्ली द्या ना. पेठेतून वह्या घेऊन येतो.

वडील : सावकाश जाशील ना?

दत्ता : सावकाशच जातो.

वडील : (किल्ली देत) बरं. पोलीस दिसले तर आतल्या रस्त्यानं ये.

प्रवेश दुसरा

(दत्ता काठी धरून चालत येतो. सुभाष त्याच्या मागे.)

सुभाष : रस्ता मोकळा आहे रे, वाढव की!

दत्ता : हा बघ, साठ झाला.

(दोघे प्रारंभरेषेवर येतात. त्याच क्षणी २५ मीटरच्या रेघेवर मंदा सायकल ढकलीत रस्ता ओलांडू लागते.)

सुभाष : दत्ता, पोरगी!

सूत्रधार : एक सेकंद! (दत्ता व सुभाष १७ मीटरच्या रेघेपर्यंत येतात.) थांबा. सगळे आहात तिथेच. शैला, गाडी कुठे आली?

शैला : सतराव्या मीटरवर. ब्रेक आत्ता लागतोय.

सूत्रधार : मंदा किती लांब आहे?

शैला : आठ मीटर.

दत्ता : दाबला ना ब्रेक! करकचून दाबला!

सूत्रधार : थांबायला किती मीटर हवेत?

शैला : अठ्ठावीस.

दत्ता : पण तिच्यापर्यंत पोचेतो वेग उतरला असेल ना?

शैला : साठाचा पन्नास झाला असेल.

(दत्ता मंदाकडे पाहतो. मंदा सायकल जमिनीवर आडवी ठेवते आणि बाजूला जाऊन उभी राहते. कोणी पडत नाही, ओरडत नाही.)

प्रवेश तिसरा

सूत्रधार : तोच रस्ता, तीच मुलगी. वेग मात्र चाळीस.

(मंदा परत रेघेवर येते. दत्ता प्रारंभरेषेपासून निघतो, ११ मीटरवर ब्रेक दाबल्याची खूण करतो आणि २३ मीटरवर थांबतो.)

शैला : दोन मीटर उरले.

मंदा : केवढी घाबरले मी, दादा! (सायकल घेऊन पलीकडे जाते.)

वडील : (पुढे येत) म्हणजे चाळीसनं गेला तर हरकत नाही.

शैला : काका, हे कोरड्या रस्त्याचं माप आहे. पाऊस पडून गेला असेल, तर हीच रेघ पंचविसाच्या पलीकडे जाते.

सूत्रधार : आणि दत्ताचं वय काय, काका?

वडील : सोळावं चालू आहे. (क्षणभर थांबून हात पुढे करतात.) दत्ता, किल्ली.

दत्ता : आणि वह्या?

वडील : चल, दोघं एसटीनं जाऊ.

चर्चेसाठी प्रश्न

१. दत्ताने ब्रेक वेळेवर दाबला होता का? होय, दाबला होता. मग चूक कोणत्या क्षणी झाली? मुलांनी तो क्षण स्वतः शोधावा. कोणी वेग वाढविण्याचा क्षण सांगेल, कोणी किल्ली देण्याचा. दोन्ही उत्तरांवर बोलू द्यावे.

२. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचे अंतर १२ वरून २८ मीटर, म्हणजे सुमारे सव्वादोन पट झाले. असे का? ते अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० वेगासाठी मुलांनी गणित करावे. उत्तर एकूण सुमारे १५ मीटर येईल.

३. चालकाच्या हातातील मोबाइल, गुळगुळीत झालेले टायर, ओला रस्ता : यांपैकी कशामुळे ब्रेकपूर्वीचे अंतर वाढते आणि कशामुळे ब्रेकनंतरचे? मोबाइलमुळे पहिले, उरलेल्या दोहोंमुळे दुसरे. मागे बसलेला सुभाष गप्प राहिला असता, तर काय बदलले असते?

४. "पोलीस दिसले तर आतल्या रस्त्यानं ये," या वाक्यातून दत्ता काय शिकला? येथे शिक्षकांनी कायदा सांगावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल चालविता येत नाही; अपवाद ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, तोही १६ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि परवाना असल्यास. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. आपल्याला ठाऊक नव्हते, हे पालकाने सिद्ध केले तर सुटका आहे. परंतु ज्याने स्वतः किल्ली दिली त्याला ती वाट उरत नाही.

५. हा प्रश्न पंचायत सदस्यांसाठी आहे. आपल्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारे मूल वाहनचालकाला किती मीटरवरून दिसते? सभा संपल्यावर, वर्दळ नसताना, मोठ्या माणसांनी रस्त्याच्या कडेने ते मोजून पाहावे. वळणावरच्या बाभळीमुळे किंवा टपरीमुळे ते अंतर २५ मीटरच भरले, तर ६० च्या वेगाने येणारे वाहन तेथे थांबूच शकत नाही. गावरस्त्यावरची झुडपे ग्रामपंचायतीने छाटावीत आणि टपरी हलवावी. रस्ता राज्य मार्ग असेल, तर मोजलेला आकडा लिहून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे फलक व गतिरोधकाची मागणी करावी. "रस्ता धोकादायक आहे" या वाक्यापेक्षा त्या आकड्याची दखल घेणे अधिक सोपे जाते.

एक दक्षता घ्यावी. ज्या मुलाच्या घरी अपघाती मृत्यू झाला आहे, त्याला आदल्या दिवशी नाटकाची कल्पना द्यावी व भूमिकेचा आग्रह करू नये. फक्कीच्या रेघा पुढील पावसापर्यंत पुसू नयेत. मधल्या सुट्टीत मुले त्या पावलांनी मोजत राहतील.